विश्लेषण : मेसीने विश्वचषक उंचावला, तरी ‘अर्जेंटिनाचा विजय’ ही पैज हरली कशी?

कतारमधील लुसेल स्टेडियमवर १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून विश्वचषक जिंकला. सट्टा कायदेशीर असलेल्या देशांत त्या रात्री ‘सामन्याचा निकाल : अर्जेंटिना’ अशी पैज लावलेल्यांचे पैसे मात्र गेले. त्याच सामन्यावर ‘बरोबरी’ अशी पैज लावणाऱ्यांना पैसे मिळाले. यात कोणाची फसवणूक झाली नव्हती आणि संगणकाची चूकही नव्हती. फुटबॉलवरील बहुतेक बाजार नव्वद मिनिटांचे असतात आणि बाद फेरीचा सामना त्यापुढे गेला, की मैदानातला निकाल आणि बाजारातला निकाल यांच्या वाटा वेगळ्या होतात. हा हिशेब नेमका चालतो कसा, त्यात काय धरले जाते आणि काय वगळले जाते, याचा हा आढावा.

नव्वद मिनिटे म्हणजे नेमकी किती?

नव्वद मिनिटांच्या बाजारात प्रत्यक्षात नव्वदच मिनिटे मोजली जात नाहीत. दुखापती, खेळाडूंची अदलाबदल, गोलनंतरचा जल्लोष, व्हीएआरची तपासणी यांत गेलेला वेळ पंच प्रत्येक सत्राच्या शेवटी भरून देतात. ही भरपाई वेळ. ती कितीही लांबली, तरी नव्वद मिनिटांच्या बाजारात ती पूर्णपणे धरली जाते. याउलट, बरोबरी झाल्यानंतर बाद फेरीत खेळवली जाणारी १५-१५ मिनिटांची दोन सत्रे म्हणजे अतिरिक्त वेळ. ती या बाजारात अजिबात धरली जात नाही.

मराठीत घोळ होतो तो इथेच. ‘अतिरिक्त वेळेतील गोल’ असे आपण दोन्हींसाठी सर्रास म्हणतो आणि बातम्यांमध्येही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येतात. सामना पाहताना त्याने फारसे बिघडत नाही. बाजाराच्या नियमांत मात्र याच दोन शब्दांच्या मध्ये सगळी सीमारेषा आहे आणि ती घड्याळावर नाही, तर दुसरे सत्र संपल्याच्या पंचांच्या शिट्टीवर आखलेली आहे.

दोन गोल शेजारी ठेवले, की हे चटकन कळते. ९ डिसेंबर २०२२ च्या उपांत्यपूर्व सामन्यात नेदरलँड्स अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलने मागे होते. वाउट वेगहॉर्स्टने ८३व्या मिनिटाला एक गोल फेडला आणि बरोबरीचा गोल केला तो भरपाई वेळेच्या अकराव्या मिनिटाला. सामन्याच्या नोंदीत तो ९०+११ असा दिसतो. म्हणजे सरळ मोजले तर जवळपास १०१वे मिनिट. तरीही तो नव्वद मिनिटांतला गोल ठरला. बाजारासाठी निकाल २-२ असा लागला आणि तोवर जिंकल्यात जमा असलेली ‘अर्जेंटिनाचा विजय’ ही पैज त्या एका गोलने बुडाली. पुढे अर्जेंटिनाने शूटआऊटमध्ये सामना जिंकला, पण तिचा काही उपयोग नव्हता.

आता दुसरा गोल. त्याच वर्षी ४ मे रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदच्या करीम बेन्झिमाने मँचेस्टर सिटीविरुद्ध ९५व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. मिनिटांच्या आकड्यात तो वेगहॉर्स्टच्या गोलपेक्षा आधीचा. पण हा सामना अतिरिक्त वेळेत गेला होता आणि गोल त्या सत्रातल्या पाचव्या मिनिटाला झाला. त्यामुळे नव्वद मिनिटांच्या बाजारात तो गोल झालाच नाही!

ओळखण्याची खूण सोपी आहे. नोंदीत ‘९०+’ असे काही दिसले, तर तो गोल आत. नुसते ९१ ते १२० यांपैकी मिनिट किंवा ‘१०५+’, ‘१२०+’ असे दिसले, तर तो बाहेर. स्कोअर दाखवणाऱ्या अॅपवर सामना नव्वद मिनिटांत संपला तर FT आणि अतिरिक्त वेळेनंतर संपला तर AET असे लिहिलेले असते. AET दिसत असेल, तर समोरचा स्कोअर हा बाजाराचा स्कोअर असेलच असे नाही. त्यासाठी गोलांची यादी उघडून ९०पर्यंतचे गोल वेगळे मोजावे लागतात.

अंतिम सामन्याचा हिशेब कसा लागला?

लुसेलवरचा सामना या विषयासाठी जणू मुद्दाम रचल्यासारखा आहे. मेसीने २३व्या मिनिटाला पेनल्टीवर आणि डि मारियाने ३६व्या मिनिटाला गोल केला. मध्यंतराला अर्जेंटिना २-० असे पुढे होते. एम्बापेने ८०व्या मिनिटाला पेनल्टीवर आणि लगेच ८१व्या मिनिटाला दुसरा गोल करून बरोबरी साधली. नव्वद मिनिटांचा बाजार इथे, २-२ वर बंद झाला. त्यानंतर अतिरिक्त वेळेत मेसीने १०८व्या मिनिटाला आणि एम्बापेने ११८व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. स्कोअर ३-३ झाला आणि शूटआऊट अर्जेंटिनाने ४-२ असे जिंकले.

आता बाजारातली एकेक पैज पाहू. विजय, बरोबरी, पराभव या तीन पर्यायांच्या मुख्य बाजारात ‘बरोबरी’ जिंकली. ‘अचूक स्कोअर’मध्ये २-२ जिंकला, ३-३ हा स्कोअर सगळ्या जगाने पडद्यावर पाहिला, तरी त्यावरची पैज हरली. ‘साडेतीनपेक्षा जास्त गोल’ ही पैज चार गोलांमुळे जिंकली, पण ‘साडेचारपेक्षा जास्त’ ही हरली, कारण पाचवा आणि सहावा गोल हिशेबाबाहेर. मध्यंतर आणि पूर्णवेळ असा जोडनिकाल सांगायचा असतो, तिथे उत्तर होते ‘अर्जेंटिना, मग बरोबरी’.

खेळाडूंवरच्या पैजांत तर अधिकच गंमत आहे. ‘एम्बापे कधीही गोल करेल’ ही पैज जिंकली. ‘एम्बापे दोन किंवा अधिक गोल करेल’ हीसुद्धा जिंकली. पण ‘एम्बापेची हॅटट्रिक’ ही पैज नव्वद मिनिटांच्या नियमाने हरली, कारण तिसरा गोल ११८व्या मिनिटाचा. इतिहासाच्या पुस्तकात त्या रात्रीचे ठळक वाक्य ‘एम्बापेची हॅटट्रिक’ असे आहे आणि बाजाराच्या वहीत त्याच्या नावापुढे दोनच गोल आहेत. मेसीच्या दोन गोलांवर पैज लावणाऱ्यांचेही तेच झाले. त्याचा एकच गोल धरला गेला.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एम्बापेआधी एकट्या जेफ हर्स्टने हॅटट्रिक केली होती, १९६६ मध्ये इंग्लंडकडून पश्चिम जर्मनीविरुद्ध. तो सामनाही नव्वद मिनिटांनंतर २-२ असाच होता आणि हर्स्टच्या तीनपैकी दोन गोल अतिरिक्त वेळेतले होते. म्हणजे या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांतील दोन्ही हॅटट्रिक नव्वद मिनिटांच्या मापाने अपुऱ्याच ठरतात.

मग अतिरिक्त वेळेतले गोल कुठेच मोजत नाहीत का?

मोजतात, पण ज्या बाजाराचा प्रश्नच पूर्ण सामन्याचा किंवा पूर्ण स्पर्धेचा असतो तिथे. ‘पुढच्या फेरीत कोण जाईल?’ किंवा अंतिम सामन्यात ‘चषक कोण उंचावेल?’ या बाजारांत अतिरिक्त वेळ आणि शूटआऊट दोन्ही धरले जातात. लुसेलवर या बाजारात अर्जेंटिनावरची पैज जिंकली. एकाच सामन्यावर, एकाच संघावर दोन पैजा आणि त्यांतली एक हरली तर एक जिंकली, ती यामुळे.

स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू कोण, हा बाजारही अतिरिक्त वेळेतले गोल धरतो, कारण स्पर्धेची अधिकृत यादीच ते धरते. अंतिम सामन्याआधी मेसी आणि एम्बापे दोघांचेही पाच-पाच गोल होते. शेवटी एम्बापे आठ आणि मेसी सात अशी यादी झाली आणि ‘गोल्डन बूट’ एम्बापेला मिळाला. शूटआऊटमध्येही दोघांनी आपापली पेनल्टी जाळ्यात मारली होती. पण ते गोल या यादीत नाहीत.

याशिवाय सामना बरोबरीत सुटला, की अतिरिक्त वेळेसाठी नवा बाजार उघडतो. तो ०-० पासून सुरू होतो. लुसेलवरच्या अतिरिक्त वेळेचा निकाल १-१, म्हणजे तिथेही बरोबरी. आधी लावलेल्या नव्वद मिनिटांच्या पैजेशी या बाजाराचा काही संबंध नसतो.

शूटआऊट सगळ्यांनीच का वगळले आहे?

याचे उत्तर सट्टेबाजारात नाही, खेळाच्या कायद्यात आहे. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या ‘आयएफएबी’च्या दहाव्या नियमानुसार शूटआऊट सामना संपल्यानंतर घेतले जाते, ते सामन्याचा भाग नाही. त्यामुळेच अधिकृत नोंदीत लुसेलचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरीतच आहे आणि ४-२ हा आकडा शेजारी वेगळा लिहिलेला असतो. सामन्यादरम्यान मिळालेली पिवळी कार्डेही शूटआऊटमध्ये पुढे ओढली जात नाहीत. मग शूटआऊटमधला गोल ‘सामन्यात गोल करणारा खेळाडू’ या बाजारात कसा बसणार? शेवटची पेनल्टी मारून गोन्सालो मॉन्टिएलने अर्जेंटिनाला विश्वविजेते केले, पण त्या सामन्यातील गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नाही.

अतिरिक्त वेळेचे तसे नाही. ती सामन्याचाच भाग आहे आणि तिच्यातले गोल खेळाडूच्या खात्यात जमा होतात. वेगहॉर्स्टने ज्या दिवशी बरोबरी साधली, त्याच दिवशी आधीच्या सामन्यात नेयमारने क्रोएशियाविरुद्ध १०५+१ व्या मिनिटाला गोल केला. त्या गोलने त्याने ब्राझीलसाठी पेलेच्या ७७ गोलांशी बरोबरी साधली. विक्रमात गोल पक्का. पण सामना नव्वद मिनिटांनंतर ०-० होता, त्यामुळे ‘पहिला गोल कोण करेल?’ या नव्वद मिनिटांच्या बाजाराचे उत्तर लागले ‘कोणीच नाही’. शूटआऊट वगळण्यामागे खेळाचा कायदा आहे. अतिरिक्त वेळ वगळण्यामागे फक्त बाजाराची सोय आहे.

ही सोय कशासाठी?

साखळी स्पर्धांत सामना नव्वद मिनिटांत संपतो आणि निकाल तीनच असतात. ब्रिटनमधल्या जुन्या फुटबॉल पूल्सच्या कूपनांपासून हीच चौकट रूढ आहे. भाव ठरवण्याची गणितेही तिच्यावरच उभी आहेत. बाद फेरीसाठी वेगळी चौकट करण्याऐवजी हीच पुढे चालू ठेवली जाते आणि ‘पुढे कोण जाईल’ हा प्रश्न वेगळा विचारला जातो. दोन्हींच्या भावांत फरक किती पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, ‘अ’ संघ नव्वद मिनिटांत जिंकण्याची शक्यता ४० टक्के आहे, बरोबरीची ३० आणि ‘ब’ जिंकण्याची ३०. कंपनीचा नफा बाजूला ठेवला, तर ‘अ’च्या विजयाचा भाव १०० भागिले ४०, म्हणजे २.५० निघतो. शंभर रुपये लावले आणि जिंकले, तर मूळ रकमेसह २५० मिळतील. आता ‘अ’ पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता काढू. ४० टक्के तर आहेतच. बरोबरीच्या ३० टक्क्यांतून पुढच्या खेळात ‘अ’ला थोडे झुकते माप देऊन ५५ टक्के वेळा तो सरस ठरेल असे धरले, तर आणखी १६.५ टक्के मिळतात. एकूण ५६.५ टक्के आणि भाव १.७७. शंभराचे १७७.

फोनच्या पडद्यावर हे दोन भाव एकाखाली एक दिसतात. दोन्हींपुढे संघाचे नाव तेच असते. २.५० चा भाव उदार वाटतो, म्हणून तो निवडला जातो. प्रत्यक्षात त्या जादा ७३ रुपयांच्या बदल्यात माणूस बरोबरीची सगळी जोखीम स्वतःकडे घेत असतो. भाव जास्त आहे, कारण प्रश्नच अवघड आहे.

याच दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रकार असतो : बरोबरी झाल्यास रक्कम परत. वरच्या आकड्यांवर त्याचा भाव १.७५ येतो, म्हणजे १.७७ च्या अगदी जवळ. म्हणून अनेकांना तो ‘पुढे जाणार’ या पैजेसारखाच वाटतो. तसा तो नाही. नव्वद मिनिटांत बरोबरी झाली, की लावलेली रक्कम तेवढीच परत मिळते; मग संघ शूटआऊट जिंकून पुढे जावो किंवा हरून घरी जावो.

बरोबरी खरेच इतक्या वेळा होते?

२०२२ च्या विश्वचषकात बाद फेरीचे १६ सामने झाले. त्यांपैकी पाच नव्वद मिनिटांनंतर बरोबरीत होते आणि पाचही शूटआऊटपर्यंत गेले. जवळजवळ दर तीन सामन्यांत एक. २०२६ पासून स्पर्धेत ४८ संघ आणि बाद फेरीत ३२ सामने आहेत, म्हणजे असे प्रसंग येण्याला जागाही दुप्पट.

क्रोएशियाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २०१८ मध्ये हा संघ डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंड यांना मागे टाकून अंतिम फेरीत पोहोचला. २०२२ मध्ये त्याने जपान आणि ब्राझीलला बाहेर काढले. हे पाचही सामने नव्वद मिनिटांनंतर बरोबरीत होते. ‘क्रोएशिया पुढे जाणार’ असे पाचही वेळा ओळखणारा माणूस फुटबॉलचा जाणकारच म्हणायला हवा. पण त्याने ते ‘क्रोएशियाचा विजय’ या रकान्यात लिहिले असते, तर पाचपैकी पाचही पैजा तो हरला असता.

दोन लेगच्या लढतीत काय होते?

इथे आणखी एक पदर जोडला जातो. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर मिळून गोलांची बेरीज होते, पण नव्वद मिनिटांचा बाजार फक्त त्या रात्रीच्या सामन्याचा असतो. बेन्झिमाच्या त्या सामन्याकडे पुन्हा वळू. पहिला लेग सिटीने ४-३ असा जिंकला होता. माद्रिदमध्ये माहरेझने ७३व्या मिनिटाला सिटीला आणखी पुढे नेले. मग रॉड्रिगोने ९० आणि ९०+१ अशा दोन मिनिटांत दोन गोल केले. त्या रात्रीचा स्कोअर २-१, बेरीज ५-५, म्हणून अतिरिक्त वेळ.

म्हणजे इथे नव्वद मिनिटांत बरोबरी नव्हतीच. ‘रेआल माद्रिदचा विजय’ ही पैज शिट्टी वाजताच जिंकली. अतिरिक्त वेळेत काहीही झाले असते, तरी ती बदलली नसती. अचूक स्कोअर २-१ धरला गेला, अंतिम दिसणारा ३-१ नाही. आणि माद्रिदला अंतिम फेरीत नेणाऱ्या बेन्झिमावर ‘गोल करेल’ अशी पैज लावणारे हरले.

नियम सगळीकडे हेच असतात का?

मुख्य बाजारांपुरते बहुतेक ठिकाणी हेच असतात. कॉर्नर आणि कार्डांचे बाजारही साधारणपणे नव्वद मिनिटांचेच. पण कंपनीनुसार फरक पडू शकतो. खेळाडूंच्या काही बाजारांना किंवा जाहिरातीपुरत्या योजनांना अतिरिक्त वेळ लागू असू शकते. तसे असल्यास ते त्या बाजाराच्या नावाखालील बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि ते सामान्य नियमावर मात करते. काहीच लिहिलेले नसेल, तर नव्वद मिनिटे हेच गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनीशी वाद झाला, तर ग्राहकाला ‘आयबीएएस’ या स्वतंत्र लवादाकडे जाता येते. पण ‘मी जिंकणारा संघच निवडला होता’ हा युक्तिवाद लिखित नियमापुढे टिकणे कठीण.

भारतात हे लागू आहे का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली आहे. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिची जाहिरात आणि तिच्यासाठीचे बँक व्यवहार यांवरही बंदी आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण परदेशी संकेतस्थळावर अडकलेले पैसे परत मिळवण्यासाठी त्याला इथे दाद मागायला जागाही नाही. इथल्या प्रेक्षकाला हे भाव दिसतात ते परदेशी वाहिन्यांवर आणि वृत्तसंकेतस्थळांवर ‘जिंकण्याची शक्यता’ म्हणून. ‘अर्जेंटिना ४० टक्के, फ्रान्स ३० टक्के’ असे दोनच आकडे देऊन उरलेले ३० टक्के गाळले असतील, तर ते आकडे नव्वद मिनिटांचे आहेत. दोन संघांची बेरीज शंभर येत असेल, तर ते पुढे कोण जाईल याचे.